त्र्याण्णव हजारांचे ऐंशी हजार करताना कात्री कुठे चालवायची

प्रश्न: सर, माझा पीएच.डी.चा प्रबंध मराठीत आहे. विषय काटोल-नरखेडचे संत्रा बागायतदार आणि त्यांची विक्रीव्यवस्था. विभागानं ८०,००० शब्दांची मर्यादा सांगितली आहे, माझे ९३,००० झालेत. गाइड म्हणतात, सगळ्या प्रकरणांतून सारख्या प्रमाणात कापा. प्रकरणांचे शब्द आणि अनुक्रमणिका जोडली आहे. नेमकं कुठून आणि किती कापू?

उत्तर: गाइडांचा सल्ला ऐकायला न्याय्य वाटतो, पण तुमच्याच आकड्यांवर तो चालवून बघा. ९३,००० चे ८०,००० करायचे म्हणजे प्रत्येक प्रकरणातून साधारण १४ टक्के जाणार. पूर्वसंशोधनाचा आढावा २६,००० वरून २२,३६६ वर येईल आणि विश्लेषणाचं प्रकरण २४,००० वरून २०,६४५ वर. म्हणजे एवढं कापूनही लोकांनी काय लिहिलं हे सांगणारं प्रकरण, तुम्ही स्वतः काय शोधलं हे सांगणाऱ्या प्रकरणापेक्षा मोठंच राहणार. तुमचं शेवटचं प्रकरण आधीच ६,५०० चं आहे, त्यातूनही नऊशे शब्द जातील. शब्द मर्यादेत बसतील, पण प्रबंधाचं वाकडेपण जिथल्या तिथे राहील.

मी हे स्वतः भोगलंय. माझ्या प्रबंधाच्या वेळी मी सरसकट दर दहा पानांमागे एक पान काढलं आणि मोठा तीर मारल्यासारखा सबमिशन करून आलो. बहिःस्थ परीक्षकांचा अहवाल आला: निष्कर्षांना आधार देणारी चर्चा अपुरी आहे. ती चर्चा मी आदल्या महिन्यातच कापली होती. पुढचे चार महिने ती परत लिहिण्यात गेले.

तुम्ही संत्र्यावर काम करताय, त्यामुळे वेगळं समजवायला नको. बागेतली सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढताना बागायतदार प्रत्येक झाडाची हातभर फांदी तोडत फिरत नाही. जिथे वाळलंय तिथेच कोयता लावतो. प्रबंधातही प्रमाण धरायचंच, पण ते एकूण शब्दांचं नाही. ज्या प्रकरणानं स्वतःच्या वाट्यापेक्षा जितकं जास्त खाल्लं, त्या जादा भागाचं प्रमाण धरायचं. त्यासाठी आधी वाटा ठरवायला हवा, आणि तो ठरवायच्या आधी मोजणी सरळ करायला हवी.

मोजणीची गोष्ट थोडक्यात सांगतो. मर्यादेत तळटीपा, तक्ते, परिशिष्टं आणि संदर्भसूची धरतात का, हे विभागाकडून लेखी घ्या. वर्डमध्ये `Review` मधल्या `Word Count` ला गेलात की खाली `Include textboxes, footnotes and endnotes` अशी चौकट दिसते. ती एका प्रकरणाला लावलेली आणि दुसऱ्याला नसलेली, असे घोळ मी दरवर्षी बघतो. तक्त्यांचं तर लक्षातच येत नाही: तक्त्यातला प्रत्येक सुटा आकडा वर्ड एक शब्द म्हणून मोजतो. साठ घरांचा तक्ता म्हणजे साठेक शब्द, आणि तुमच्या चौथ्या प्रकरणात असे ३१ तक्ते आहेत. नियमात तक्ते वगळलेले असतील, तर मोजणीतूनही वगळा. खाली मी तुम्ही दिलेले आकडे तक्ते सोडून आहेत असं धरतोय. उपप्रकरणाचे शब्द मोजायचे असतील तर डावीकडच्या `Navigation` पट्टीत शीर्षकावर राइट क्लिक करून `Select Heading and Content` निवडा, खालच्या पट्टीवर त्या भागाची शब्दसंख्या येते.

आणखी एक. इंग्रजी प्रबंधांसाठी फिरणारे ‘आढाव्याला इतके हजार’ छापाचे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात. ‘बागायतदारांसाठी’ हा एकच शब्द, इंग्रजीत त्याला दोन-तीन लागतात. ८०,००० मराठी शब्दांत इंग्रजीपेक्षा बराच जास्त मजकूर मावतो. म्हणून आकडा उचलू नका, टक्के उचला. टक्के कुठून आणायचे? शोधगंगेवर प्रबंध प्रकरणनिहाय पीडीएफमध्ये असतात. तुमच्या विषयातले, मराठीतले, तुम्हाला स्वतःला चांगले वाटलेले तीन प्रबंध उघडा आणि प्रत्येक प्रकरणाची पानं एकूण पानांशी ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता बजेट. ८०,००० पूर्ण वाटून टाकू नका. गाइडांची शेवटची दुरुस्ती आणि परीक्षकांनी सुचवलेली भर यांसाठी ४,००० बाजूला ठेवा आणि ७६,००० वाटा. वाटणी मी विश्लेषणापासून सुरू करतो, प्रस्तावनेपासून नाही. तुमची चार उद्दिष्टं आहेत. एका उद्दिष्टाला तक्त्यांचं विवेचन, मुलाखतींतले उतारे आणि गृहीतकाची चाचणी धरून ६,००० शब्द लागतात. चार उद्दिष्टांचे २४,०००, सुरुवात आणि समारोपाचे २,०००, असे पाचव्या प्रकरणाला २६,०००. चर्चा-निष्कर्षाला उद्दिष्टामागे दोन हजार आणि शिफारशींना एक हजार, म्हणजे ९,०००. या दोन प्रकरणांचे ३५,००० झाले. उरलेले ४१,००० बाकी चौघांत: आढावा १५,०००, अभ्यासक्षेत्र १०,०००, पद्धती ९,०००, प्रस्तावना ७,०००. तुमच्या विभागाचा रिवाज वेगळा असेल तर आकडे हलवा, पण आधी विश्लेषण आणि मग बाकीचे, हा क्रम हलवू नका. प्रस्तावनेपासून वाटत गेलं की शेवटच्या प्रकरणाच्या ताटात उरलंसुरलं पडतं. तुमच्या ६,५०० चं कारणही तेच आहे.

सहावं प्रकरण ९,००० पर्यंत वाढवावंच लागेल. म्हणून हिशेबात त्याचे आजचे शब्द न धरता ९,००० धरा. पाचवं प्रकरण बजेटपेक्षा दोन हजारांनी कमी आहे, ते तूर्त तसंच राहू द्या. त्याकडे शेवटी येतो. अशा रीतीनं बेरीज ९५,५०० होते आणि ७६,००० वर यायला १९,५०० कापायचे आहेत. चार प्रकरणांत मिळून जादा शब्द आहेत २१,५००. भागाकार केला की दर जादा हजारामागे ९०७ शब्द काढायचे.

| प्रकरण | धरलेले | बजेट | जादा | कापायचे | उरतील |
|---|---|---|---|---|---|
| १ प्रस्तावना | ८,५०० | ७,००० | १,५०० | १,३६० | ७,१४० |
| २ आढावा | २६,००० | १५,००० | ११,००० | ९,९७७ | १६,०२३ |
| ३ पद्धती | १०,००० | ९,००० | १,००० | ९०७ | ९,०९३ |
| ४ अभ्यासक्षेत्र | १८,००० | १०,००० | ८,००० | ७,२५६ | १०,७४४ |
| ५ विश्लेषण | २४,००० | २६,००० | ० | ० | २४,००० |
| ६ चर्चा-निष्कर्ष | ९,००० | ९,००० | ० | ० | ९,००० |

एक्सेलमध्ये धरलेले शब्द B रकान्यात, बजेट C मध्ये ठेवा आणि ही सूत्रं सातव्या ओळीपर्यंत ओढा. बजेट बदललं की कपात आपोआप बदलेल.

```
H1: =SUM(B2:B7)-76000
D2: =MAX(0,B2-C2)
E2: =ROUND(D2*$H$1/SUM($D$2:$D$7),0)
F2: =B2-E2
```

`MAX(0, ...)` विसरू नका. ते नसेल तर पाचव्या प्रकरणाचा जादा उणे दोन हजार येतो आणि सूत्र तिथे शब्द वाढवायला सांगतं.

इथपर्यंत अंकगणित झालं. पुढे ते फारसं कामाचं नाही, कारण किती टक्के कापायचं यावर कापण्याची जात बदलते. तिसऱ्या प्रकरणातून नऊ टक्के काढायचे आहेत. एवढं वाक्यावाक्यातून निघतं: ‘संशोधकाच्या असे निदर्शनास आले आहे की’ यातले सगळे शब्द गेले तरी वाक्याचं काही बिघडत नाही. पहिल्यातून सोळा टक्के, तिथे परिच्छेद काढावे लागतील. प्रस्तावनेत संशोधन समस्या दोनदा मांडलेली असते आणि आढाव्यातली दोन-तीन पानं आधीच येऊन बसलेली असतात, तेवढ्यात भागतं. पण दुसऱ्यातून ३८ टक्के आणि चौथ्यातून ४० टक्के वाक्यं आवळून कधीच निघत नाहीत. मी बघितलंय, लोक आठवडाभर ‘हे’, ‘तसेच’, ‘म्हणजेच’ काढत बसतात, हजार शब्द कमी होतात आणि मजकूर तारेसारखा तुटक होतो. तिथे भागच्या भाग उचलावे लागतात.

दुसरं प्रकरण तुमच्या अनुक्रमणिकेवरून घेऊ. २.१ ओळख ८००, २.२ संकल्पना आणि व्याख्या ६,२००, २.३ देशविदेशातले विपणन अभ्यास ७,५००, २.४ महाराष्ट्रातले फळबाग अभ्यास ५,०००, २.५ संत्र्यावरचे अभ्यास ४,७०० आणि २.६ संशोधनातली उणीव १,८००. २.५ आणि २.६ ला हात लावायचा नाही, कारण तुमच्या उद्दिष्टांचा जन्मच तिथे होतो. २.१ मधून काही निघत नाही. म्हणजे ९,९७७ शब्द उरलेल्या तीन भागांतून, त्यांच्या १८,७०० मधून काढायचे: निम्म्याहून जास्त. इथे पुन्हा प्रमाणाचं सूत्र लावलंत तर तिन्ही भागांची हाडं दिसायला लागतील.

त्याऐवजी आडनावाची चाचणी करा. २.३ मध्ये ज्या ज्या अभ्यासकाचं नाव आहे ते एकेक करून पाचव्या आणि सहाव्या प्रकरणात `Ctrl+F` नं शोधा. ज्याच्या निष्कर्षाशी तुम्ही पुढे कुठेही सहमती, मतभेद किंवा तुलना केलेली नाही, तो अभ्यास तुमच्या प्रबंधात पाहुणा आहे. साडेसात हजार शब्द म्हणजे ‘अमुक यांनी २००९ मध्ये अभ्यास केला, त्यांचा नमुना असा, त्यांना असे आढळले’ अशा दीडशे-दीडशे शब्दांच्या पन्नासेक नोंदी. समजा त्यातल्या १६ पुढे परत येतात. त्यांचे २,४०० शब्द ठेवा. उरलेल्या ३४ विषयवार तीन-चार परिच्छेदांत बांधा, ६०० शब्दांत होतात: झाडावर सौदा करण्यावरचे अभ्यास एका परिच्छेदात, मध्यस्थांच्या नफ्यावरचे दुसऱ्यात. ४,५०० शब्द सुटले आणि वाचणाऱ्याला पहिल्यांदाच आढाव्याला काही आकार दिसेल. मात्र शोधण्याआधी आडनावाचं शुद्धलेखन सगळीकडे एकच आहे ना ते बघा. एकच नाव कुठे ‘देशपांडे’ आणि कुठे इंग्रजीत असेल तर चाचणी खोटी ठरते.

२.२ मध्ये ‘विपणन’ या एका शब्दाच्या एकामागे एक व्याख्या असतील, हे मी न बघता सांगतो. आपल्याकडच्या प्रबंधांची ही जुनी खोड आहे. तुम्ही कोणती व्याख्या धरून प्रश्नावली बनवली ती एक ठेवा, ती का धरली ते चार ओळींत लिहा. ६,२०० चे २,६०० होतील आणि ३,६०० सुटतील. आता फक्त १,८७७ राहिले, ते २.४ मधून त्याच आडनावाच्या चाचणीनं निघतात.

चौथ्यात मोठा घास पहिल्या दोन भागांचा आहे. महाराष्ट्र-विदर्भाची ओळख ३,१००, नागपूर जिल्ह्याचा इतिहास-भूगोल ४,३००. गोंड राजांच्या काळापासूनची हकिगत, नद्या, तापमान, तालुक्यांची यादी. हे सगळं खरं आहे, पण तुमचे परीक्षक बहुधा महाराष्ट्रातलेच असणार. इथे एकच प्रश्न विचारा: हा मजकूर काढला तर पाचव्या प्रकरणातला कोणता तक्ता कळेनासा होईल? आंबिया आणि मृग बहाराचा फरक काढला तर विक्रीच्या महिन्यांचा तक्ता कळणार नाही, म्हणून तो राहील. गोंड राजांचा परिच्छेद काढला तर काही अडत नाही. या हिशेबानं पहिला भाग ३०० वर आणि दुसरा १,२०० वर येतो, ५,९०० सुटतात.

उरलेले बहुतेक तक्त्यांखालच्या परिच्छेदांतून. तुमच्याकडचा नमुना असा आहे:

*वरील तक्ता क्रमांक ४.६चे निरीक्षण केले असता असे दिसून येते की, एकूण २४० उत्तरदात्यांपैकी १३२ उत्तरदात्यांकडे म्हणजेच ५५ टक्के उत्तरदात्यांकडे पाच एकरांपेक्षा कमी बाग आहे, ७२ उत्तरदात्यांकडे म्हणजेच ३० टक्के उत्तरदात्यांकडे पाच ते दहा एकर बाग आहे, तर उर्वरित ३६ उत्तरदात्यांकडे म्हणजेच १५ टक्के उत्तरदात्यांकडे दहा एकरांहून अधिक बाग आहे.*

पन्नास शब्द, आणि तक्त्यात नाही असं एकही अक्षर त्यात नाही. त्याजागी असं लिहिता येईल:

*निम्म्याहून अधिक बागायतदारांची बाग पाच एकरांच्या आत आहे (तक्ता ४.६), झाडावरच सौदा करण्याची पद्धत याच गटात जास्त दिसते.*

अठरा शब्द. दुसरं अर्धं वाक्य मी तुमच्या पाचव्या प्रकरणाच्या सारांशावरून जोडलंय, ते तुमच्या आकड्यांशी पडताळून घ्या. बत्तीस शब्द वाचले आणि तक्ता काय सांगतो हेही आलं. ३१ तक्त्यांना असं केलंत की हजाराच्या आसपास शब्द निघतात. मग राहतात साडेतीनशे-चारशे, ते वाक्यांच्या आवळण्यात जातील. काही जण उलटं करतात, परिच्छेद ठेवून तक्ता काढतात. तसं करू नका. व्हायव्हाला आकडा तक्त्यातच शोधला जातो.

कापलेला मजकूर पुसू नका. `katran.docx` अशी वेगळी फाइल करून त्यात उपप्रकरणाच्या क्रमांकासह टाकत जा. परीक्षकांनी एखादा भाग मागितलाच तर नव्यानं लिहायला लागत नाही. प्रश्नावली किंवा बाजार समितीच्या दरांचे लांब तक्ते परिशिष्टात टाकायला हरकत नाही, जर परिशिष्ट मोजत नसतील तर. पण आढाव्यातली दहा पानं उचलून ‘परिशिष्ट ब’ करण्याची चलाखी परीक्षकाला पहिल्या नजरेत कळते.

कापून झाल्यावर प्रबंध हमखास तीन ठिकाणी फाटतो. ‘वर पाहिल्याप्रमाणे’, ‘मागील भागात नमूद केल्यानुसार’ अशी वाक्यं शोधा, कारण ती ज्याकडे बोट दाखवतात ते आता तिथे नसेल. संदर्भसूचीतली नावं पुन्हा मजकुराशी ताडा. २.३ मधून वगळलेल्यांची नावं सूचीत भुतासारखी राहतात आणि परीक्षक ती शोधतातच. तिसरं जरा कठीण आहे. एखादी संज्ञा पाचव्यात वापरली असते आणि तिचं स्पष्टीकरण कापलेल्या २.२ मध्ये होतं. हे स्वतःला दिसत नाही, कारण आपल्याला अर्थ माहीत असतो. विषयाबाहेरच्या एखाद्या मित्राला फक्त पाचवं प्रकरण वाचायला द्या आणि जिथे अडेल तिथे पेन्सिलनं खूण करायला सांगा.

आता पाचव्या प्रकरणातले ते दोन हजार. तुमच्या अनुक्रमणिकेत चौथ्या उद्दिष्टाला, म्हणजे शीतगृह आणि साठवणुकीच्या अडचणींना, ३,८०० शब्द आहेत. बाकी तिघांना सहा हजारांच्या पुढेमागे. मुलाखती घेतल्या असतील पण वापरल्या नसतील, तर राखीव ४,००० मधले दोन हजार तिकडे द्या आणि दोन हजारच हातात ठेवा. मुलाखतीच कमी झाल्या असतील तर शब्द वाढवून काही होणार नाही, उद्दिष्टाची भाषाच सौम्य करावी लागेल. ते गाइडांशी आधी बोला, कारण सिनॉप्सिसमध्ये ते उद्दिष्ट मंजूर झालेलं आहे. गाइडांकडे जाताना वरचा तक्ता छापून न्या, आणि त्याच्या शेजारी सरसकट १४ टक्क्यांचा हिशेबही मांडा: आढावा २२,३६६, विश्लेषण २०,६४५.